फोनवर स्लाइड वाचता यावी म्हणून

प्रश्न : माझा मॉनिटर 4के आहे. ऑनलाइन तासाला मुलं फोनवर असतात, त्यांना स्लाइड वाचता येत नाही. स्केलिंग वाढवू का?

उत्तर : स्लाइड शो पूर्ण पडद्यावर असेल तर स्केलिंगने अक्षर मोठं होत नाही; एक्सेल किंवा ब्राउझर दाखवताना मात्र 150 टक्के जरूर ठेवा. रिझोल्यूशन 1920 × 1080 करा, कारण 4केचं चित्र पाठवताना बहुधा आकसतंच आणि बारीक रेघा पुसट होतात. खरी अडचण अक्षराच्या आकाराची आहे. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड सुमारे 34 सेंटीमीटरची, आडवा धरलेला फोन साधारण 14चा. म्हणजे 18 पॉइंटचं अक्षर तिथे जेमतेम सातचं उरतं. 28च्या खाली जाऊ नका. मावत नसेल तर दोन स्लाइड करा. तासाआधी स्वतःच्या फोनवरून मीटिंगमध्ये शिरा आणि झूम न करता सर्वांत लहान ओळ वाचून पाहा.