उलट्या असमतेची सिद्धता: काय करावे, काय टाळावे

उत्तरपत्रिकेत नेहमी दिसणारी ही सिद्धता पाहा. श्रेढी आहे Σ 1/(2^n − n), n = 1 पासून. विद्यार्थी लिहितो: «1/(2^n − n) < 1/2^n. उजवीकडची भूमिती श्रेढी अभिसारी आहे, म्हणून तुलना कसोटीने दिलेली श्रेढीही अभिसारी.» निष्कर्ष खरा आहे, सिद्धता मात्र चूक आहे. उत्तर बरोबर आल्यामुळेच ही चूक नजरेतून सुटते.

काय करावे

- असमता लिहिली की एक आकडा घालून पाहावा. n = 3 घेतला तर डावीकडे 1/5 आणि उजवीकडे 1/8 येतात. 1/5 मोठा, म्हणजे चिन्ह उलटे पडले आहे. छेदातून n वजा केल्याने छेद लहान झाला, आणि छेद लहान झाला की अपूर्णांक वाढतो.

- दुरुस्तीसाठी छेदाला खालून आधार शोधावा. 2^n मधून n गेल्यावर निदान किती उरते? सर्व n ≥ 1 साठी n ≤ 2^(n−1) असते. n = 1 ला दोन्ही बाजू 1 आहेत; पुढे n + 1 ≤ 2n ≤ 2^n, म्हणजे विगमन पुरे झाले. म्हणून

  2^n − n ≥ 2^n − 2^(n−1) = 2^(n−1),

  आणि 1/(2^n − n) ≤ 1/2^(n−1). आता चिन्ह हव्या त्या दिशेला आहे. उजवीकडची बेरीज 2 येते, पदे धन आहेत, तेव्हा श्रेढी अभिसारी.

- घाई असेल तर गुणोत्तराची सीमा घ्यावी. पदाला 1/2^n ने भागल्यास 1/(1 − n/2^n) मिळते आणि ते 1 कडे जाते. सीमा-तुलनेत असमतेची दिशा लागतच नाही. पण बेरीज किती मोठी असू शकते हे त्यातून कळत नाही, म्हणून मला पहिली वाट अधिक आवडते.

काय टाळावे

- «अभिसारी श्रेढीपेक्षा मोठी, म्हणून अभिसारी» असे कधीही लिहू नये. हाच तर्क 1/n ≥ 1/n² ला लावला तर Σ 1/n अभिसारी ठरेल, आणि ती तर अपसारी आहे.

- नुसते चिन्ह फिरवून बाकीची सिद्धता तशीच ठेवू नये. 1/(2^n − n) > 1/2^n हे खरे विधान आहे, पण त्यातून अभिसरण निघत नाही.

- तुलनेच्या श्रेढीला स्थिरांकाने गुणायला बिचकू नये. आपली 1/2^(n−1) म्हणजे 1/2^n ची दुप्पटच.

- चिन्ह फिरवलेली ती असमता खोडून फेकू नये. अभिसरण सिद्ध झाल्यावर तीच सांगते की बेरीज 1 पेक्षा जास्त आहे. वरून 2 चे बंधन आहेच. प्रत्यक्ष बेरीज सुमारे 1.85 येते.