ई-मेलने पाठविलेली प्रश्नावली आणि न आलेली उत्तरे

समजा, तालुक्यातील २०० शाळांना ई-मेलने एक प्रश्न विचारला : "शाळेतील संगणक चालू स्थितीत आहे काय?" पहिल्या दोन दिवसांत ७० उत्तरे आली व त्यांपैकी ४९ "आहे" अशी निघाली. यावरून "७० टक्के शाळांचे संगणक चालू आहेत" असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु ज्यांचा संगणक बंद आहे, त्यांच्याच हाती ते पत्र उशिरा पडणार किंवा पडणारच नाही. म्हणजे उत्तर न देणारे हे उत्तर देणाऱ्यांसारखे नसतात. प्रश्नावलीची सारी व्यवस्था ही गोष्ट ध्यानी ठेवून करावयाची असते.

प्रथम 'विषय' या ओळीकडे पाहू. मोबाइलच्या पडद्यावर तिचे पहिले काही शब्दच दिसतात. "अत्यंत महत्त्वाचे" किंवा "तातडीचे" या शब्दांत ती जागा घालविली, तर पत्र कशाविषयी आहे हे कळतच नाही. शिवाय असली ओळ जाहिरातीसारखी भासते. त्याऐवजी "शाळेतील संगणक : ५ प्रश्न, शुक्रवारपर्यंत" असे लिहावे. अमेरिकेतील एका प्रयोगात (२००५) विषयाची ओळ कोरी ठेवलेली पत्रे, ज्यांना पाठविणाऱ्या संस्थेशी फारसे कर्तव्य नव्हते अशांत अधिक फलदायी ठरली. कुतूहलाने ती उघडली गेली असावीत. ज्यांचा संस्थेशी संबंध होता त्यांच्या बाबतीत ओळीने विशेष फरक पडला नाही. आपले वाचक या दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्यांना कोरी ओळ पाठवू नये. तशी ओळ आज संशयास्पद टपालात जाऊन पडण्याचाही संभव असतो.

प्रश्नावलीच्या लांबीविषयी मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग (२००१) बोधप्रद आहे. काहींना "आठ ते दहा मिनिटे लागतील" असे सांगितले, तर काहींना "वीस मिनिटे". प्रश्नावली दोघांची एकच. कमी वेळ सांगितलेल्यांपैकी अधिक जणांनी ती भरावयास घेतली; पण सुरुवात केल्यावर मध्येच सोडून देणारेही त्यांच्यातच अधिक निघाले. वेळ कमी सांगून मिळविलेला लाभ असा वाटेतच गळाला. म्हणून वेळ खरा सांगावा, आणि तो कमी करावयाचा असेल तर प्रश्नच कमी करावेत. पटसंख्येसारखी जी माहिती कार्यालयात आधीच आहे, ती पुन्हा विचारणे हा उत्तर देणाऱ्याच्या वेळेचा अपव्यय होय.

याच प्रयोगात स्मरणपत्र दोन दिवसांनी पाठविले असता पाच दिवसांनी पाठविल्यापेक्षा अधिक उत्तरे आली. पहिले पत्र स्मरणात असतानाच दुसरे जावे, हे त्यातील इंगित दिसते. स्मरणपत्र मात्र ज्यांचे उत्तर आलेले नाही त्यांनाच जावे. ज्याने इमानाने उत्तर दिले त्याला पुन्हा आठवण करून देणे त्याला रागावण्यास पुरेसे असते. त्यासाठी प्रत्येक शाळेला स्वतंत्र दुवा द्यावा व आलेल्या उत्तराची यादीत नोंद करावी. पहिले पत्र सकाळी गेले असेल, तर स्मरणपत्र सायंकाळी पाठवून पाहावे. चुकीच्या पत्त्यामुळे परत आलेल्या पत्रांना मात्र स्मरणपत्राचा उपयोग नाही. तेथे पत्ताच दुरुस्त करावा लागतो.

आता आपले उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या स्मरणपत्रानंतर आणखी ४० उत्तरे आली, त्यांत "आहे" २०. आठवड्याने पाठविलेल्या दुसऱ्या स्मरणपत्रानंतर २५ आली, त्यांत "आहे" १०. एकूण १३५ उत्तरांत ७९, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावन्न टक्के. उत्तर जितके उशिराचे, तितके "आहे"चे प्रमाण कमी : आधी ७०, मग ५०, मग ४० टक्के. अशी उतरण दिसली, की उरलेल्या ६५ शाळा आणखी खाली असण्याचा संभव मोठा.

येथे तिसरे, चौथे स्मरणपत्र पाठवीत बसण्यात अर्थ नाही, साधनच बदलावे. हॅन्सन व हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये टपालाच्या प्रश्नावलींसाठी मांडलेली रीत येथे जशीच्या तशी लागू पडते. उरलेल्या ६५ शाळांपैकी १३ चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात व तेथे दूरध्वनी करावा, किंवा प्रत्यक्ष जावे. समजा, त्यांतील ४ शाळांत संगणक चालू निघाला. प्रत्येक निवडलेली शाळा पाच शाळांच्या वतीने बोलते, म्हणून ४ च्या जागी २० धरावेत. ७९ आणि २० मिळून ९९. २०० शाळांत सुमारे निम्मे. मात्र १३ शाळांवरून केलेला हा अंदाज ढोबळच असतो, आणि त्या तेराही शाळांचे उत्तर मिळविलेच पाहिजे. जी शाळा दूरध्वनी उचलत नाही, तिच्या जागी उचलणारी शेजारची शाळा घेतली, तर पहिलीच चूक मागल्या दाराने परत येते.