शेवटचा रकाना आधी भरा

पाठ टाचणाचा तक्ता आपण डावीकडून उजवीकडे भरत जातो. वेळ, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, साहित्य, आणि शेवटी उरलेल्या चिंचोळ्या जागेत आकलनाची तपासणी. तोवर हात दमलेला असतो, म्हणून तिथे 'तोंडी प्रश्न' एवढं लिहून वही सहीला जाते. तासिका फसते ती बहुधा या दोन शब्दांमुळे, असं माझं अनेक वर्षांच्या अनुभवावरून झालेलं मत आहे. ते कशावरून झालं, ते एका धड्याच्या आधारे सांगते.

सहावीच्या वर्गाला दशांश अपूर्णांकांचा लहानमोठेपणा शिकवायचा होता. टाचण रीतसर होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ, सगळं जागच्या जागी. शून्यं जोडून अंकसंख्या सारखी करायची रीत फळ्यावर झाली, मुलांनी उदाहरणं सोडवली. 'समजलं का?' या प्रश्नाला एका सुरात 'हो बाई' आलं. तोंडी प्रश्नांना पुढच्या बाकांवरून उत्तरं आली, तीही बरोबर. मग घटक चाचणीत प्रश्न आला: ०.५, ०.३५, ०.१२५ चढत्या क्रमाने लिहा. बऱ्याच मुलांनी संख्या दिल्या तशाच उतरवल्या. त्यांच्या हिशेबात ५, ३५, १२५ हाच चढता क्रम होता. दशांशचिन्ह त्यांनी डोळ्यांआड केलं होतं.

एवढं तर कुठल्याही गणित शिक्षकाला ठाऊक असतं. खरा धक्का बरोबर उत्तरांनी दिला. एका मुलीने ०.१२५, ०.३५, ०.५ असा अचूक क्रम लावला होता. तिला जवळ बोलावून विचारलं, 'कसं ओळखलंस?' ती म्हणाली, 'बाई, जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान.' सहस्रांश शतांशापेक्षा लहान आणि शतांश दशांशापेक्षा लहान, हे तिने नीट ऐकलं होतं आणि त्यातून भलताच नियम बांधला होता. त्या नियमाने ०.६२ हे ०.५ पेक्षा लहान ठरतं. म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या मुलांपैकीही कुणाला विषय कळला आहे आणि कुणाला नाही, ते त्या प्रश्नावरून समजणारच नव्हतं.

हे दोन्ही गैरसमज जगभरच्या वर्गांत सापडतात. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी मुलांची अशी विचारपद्धती ओळखता यावी म्हणून संख्यांच्या जोड्या निवडून चाचणीच तयार केली. 'लांब ते मोठं' असं मानणारी मुलं ४.८ आणि ४.६३ या जोडीत चुकतात आणि ०.५ आणि ०.६२ या जोडीत बरोबर येतात. 'लांब ते लहान' मानणाऱ्यांचं नेमकं उलटं होतं. एकच जोडी विचारली तर एक गट आपल्या हातून निसटतो.

म्हणून माझं सांगणं असं, की तक्ता उजवीकडून भरायला घ्या. आधी ठरवा की मुलाला कळलं आहे हे कोणत्या प्रश्नावरून समजेल. मग त्या प्रश्नाची चुकीची उत्तरं कोणती येतील ते लिहा, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे आपण काय करणार तेही. कृती आणि साहित्य त्यानंतर सुचतात आणि बरेचदा वेगळेच सुचतात. याच घटकाचा ३५ मिनिटांच्या तासिकेसाठी मी वापरते तो तक्ता असा:

| वेळ (मिनिटे) | कृती | साहित्य | तपासणी आणि पुढचं पाऊल |
|---|---|---|---|
| ०–४ | वर्ग स्थिरावणे, पाट्या बाहेर, चौकटींचे कागद रांगेच्या पहिल्या मुलाकडे | पाट्या, खडू, कागद | – |
| ४–७ | ०.४ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या पाटीवर लिहून एकदम उंचावणे | पाटी | ०.३५ किती पाट्यांवर? उत्तर आत्ता सांगायचं नाही |
| ७–१७ | एका चौकटीत ०.४, दुसरीत ०.३५ रंगवणे | १०० घरांच्या दोन चौकटी, रंगीत पेन्सिल | फेरीत पाहणे: ०.४ साठी ४ घरं की ४ रांगा? ४ घरं असतील तर 'पूर्ण चौकट म्हणजे १, तिचे १० सारखे भाग दाखव' |
| १७–२० | ०.४ आणि ०.४० यांत मोठी कोणती? | पाटी | ०.४० लिहिणाऱ्यांना दोन्ही एकाच चौकटीत दाखवायला लावणे |
| २०–२३ | आधी ४.८ आणि ४.६३, मग ०.६२ आणि ०.५ | पाटी | कोणत्या जोडीत कोण चुकलं ते पाहणे |
| २३–३० | बहुतेकांना जमलं तर शून्य जोडण्याची रीत आणि सराव. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाट्या चुकल्या तर पुन्हा चौकट | वही किंवा चौकट | जोडीदाराला कारण सांगणे |
| ३०–३५ | चिठ्ठी: ०.३, ०.२५, ०.४१ चढत्या क्रमाने | कागदाची चिठ्ठी | दाराशी गोळा करणे |

यातल्या काही रकान्यांबद्दल जास्त बोलायला हवं.

आधी वेळ. तासिका ३५ मिनिटांची असली तरी शिकवायला ३० च मिळतात, फार तर ३१. आधीच्या तासाचा फळा पुसायचा असतो, कुणी पाणी प्यायला गेलेलं असतं. ही मिनिटं तक्त्यात लिहिली नाहीत तर ती शेवटच्या ओळीतून कापली जातात, आणि शेवटची ओळ म्हणजे नेमकी तपासणीचीच. साहित्यवाटपही वेळ खातं. मुलांना चौकटी आखायला सांगितलं तर निम्मा तास पट्टी-पेन्सिलीत जातो. आलेखकागदाचे १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवले की सेंटिमीटरच्या ठळक रेघांनी १०० घरं आयती मिळतात. आलेखकागद नसेल तर चौकटीच्या वहीचं पान चालतं, फक्त दहा-दहा घरांची बाहेरची रेघ आपण गडद करून द्यायची.

चौकट का, तर तिच्यात दशांश आणि शतांश एकाच पूर्णात दिसतात. एक उभी रांग म्हणजे एक दशांश, एक घर म्हणजे एक शतांश. ०.४ म्हणजे चार रांगा, ०.३५ म्हणजे तीन रांगा आणि पाच घरं. रंगवून झालं की मुलं आपणच कागद शेजारी ठेवतात, आणि ज्याने पाटीवर ०.३५ लिहिलं होतं तो गुपचूप पाटी पुसतो. त्याला पुसू द्यावी. फेरी मारताना मी फक्त एकच गोष्ट पाहते, ०.४ साठी चारच घरं कुणी रंगवली आहेत. त्या मुलाला दशांश आणि शतांश यांतला फरकच पोचलेला नाही, आणि त्याला तुलनेचा कुठलाही नियम सांगून उपयोग नाही.

शून्य जोडण्याची रीत मी मुद्दाम उशिरा ठेवते. ती चुकीची मुळीच नाही, पण सुरुवातीलाच दिली तर मूल ०.४ आणि ०.३५ ऐवजी ४० आणि ३५ यांची तुलना करतं. उत्तर बरोबर येतं आणि 'दशांशचिन्ह विसरायचं' ही सवय पक्की होते. म्हणून १७ व्या मिनिटाला ०.४ आणि ०.४० चा प्रश्न आहे. शून्य लावल्याने संख्या वाढली असं वाटणारी मुलं तिथे दिसून येतात. चार रांगा आणि चाळीस घरं म्हणजे तेवढाच रंग, हे कागदावर पाहिल्यावर मग ती रीत खुशाल द्यावी.

प्रस्तावनेसाठी दोन उदाहरणं अगदी जिभेवर असतात आणि दोन्ही इथे घात करतात. पहिलं क्रिकेटचं. १९.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की २० षटकं होतात, कारण तिथला ठिपका दशांशचिन्ह नाही, षटकं आणि चेंडू वेगळे दाखवणारी खूण आहे. मुलांना हा ठिपका आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, आणि तोच अर्थ ती गणितात आणतात. दुसरं रुपये-पैशांचं. ५ रुपये ५ पैसे मूल सर्रास ५.५ असे लिहितं. शिवाय २०११ मध्ये २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, त्यामुळे आजच्या सहावीतल्या मुलाने पैसा हाताळलेलाच नाही. उदाहरण हवंच असेल तर मीटरची टेप घ्या. ०.४ मीटर आणि ०.३५ मीटर फितीचे तुकडे समोर धरता येतात. आणि वाचताना 'शून्य पॉइंट पस्तीस' म्हणू नका, 'शून्य दशांश तीन पाच' म्हणा. 'पस्तीस' हा शब्द कानावर पडला की ते चारापेक्षा मोठं वाटणारच.

पाट्यांबद्दल एक पथ्य कडक पाळावं. 'लिहा' म्हटल्यावर पाटी उपडी, आणि 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्यांची एकदम वर. एकेक वर येऊ लागल्या तर मागचे पुढच्यांच्या पाट्या वाचून आपली दुरुस्त करतात आणि आपल्याला खोटं चित्र मिळतं. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक पाटी वाचायची गरज नसते. 'पहिली संख्या मोठी असेल तर १, दुसरी असेल तर २ लिहा, मोठ्या अक्षरात' असं सांगितलं की नजर एकदा फिरवून अंदाज येतो. पाट्या नसतील तर एक बोट किंवा दोन बोटं छातीशी धरून दाखवायला सांगावं. तपासणी प्रत्येकाची झाली पाहिजे. हात वर करणाऱ्या पाच मुलांची नव्हे.

२३ व्या मिनिटाची दुहेरी ओळ काही तपासनीसांना खटकते. टाचणात 'किंवा' कसं, असं मला विचारलं गेलं आहे. पण चूक दिसल्यावर काय करायचं हे ठरलेलं नसेल तर तपासणी करून उपयोग काय? तास चालू असताना ते सुचत नाही. आपण तेच स्पष्टीकरण जरा मोठ्या आवाजात पुन्हा देतो. पुन्हा चौकटीकडे वळताना मात्र संख्या बदला. ४.८ ची जोडी चुकली असेल तर ०.७ आणि ०.५२ रंगवायला द्या; ०.६२ ची चुकली असेल तर ०.३ आणि ०.४५.

आता शेवटची चिठ्ठी. ०.३, ०.२५, ०.४१ या संख्या मी निवडून घेतल्या आहेत. बरोबर क्रम ०.२५, ०.३, ०.४१. 'लांब ते मोठं' मानणारं मूल ०.३, ०.२५, ०.४१ लिहितं. 'लांब ते लहान' मानणारं ०.२५, ०.४१, ०.३ लिहितं. तीन विचार, तीन वेगळी उत्तरं. शिक्षक खोलीत बसून चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करायला पाच मिनिटं पुरतात. यातल्या कुठल्याच गठ्ठ्यात न बसणाऱ्या चिठ्ठ्या थोड्या असतात. त्या मुलांशी बोलावंच लागतं, कारण तिथे बहुधा 'चढता' आणि 'उतरता' यांचाच घोळ असतो.

चिठ्ठीवर गुण देऊ नयेत आणि ती पालकांपुढे ठेवू नये. गुणांचा वास आला की मुलं शेजाऱ्याचं पाहून लिहितात, आणि मग गठ्ठे आपली दिशाभूल करतात. माझ्या टाचण वहीत तक्त्याखाली प्रत्येक गठ्ठ्यातली संख्या आणि कुठल्या ओळीला प्रत्यक्षात किती मिनिटं लागली ते लाल पेनाने लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्याची पहिली ओळ त्यावरून ठरते: 'लांब ते मोठं' मानणाऱ्यांचा गठ्ठा मोठा असेल तर सगळ्या वर्गाला पुन्हा चौकट, लहान असेल तर तेवढ्या मुलांना खिडकीशेजारच्या रांगेत एकत्र बसवून फितीचे तुकडे, आणि बाकीच्यांना वहीतला सराव.