मागचा मेसेज मिळाला का?

सलमाच्या अब्बांचे लातूरला गंजगोलाईजवळ टेलरिंगचे दुकान आहे. रविवारी त्यांचा मोबाईल पाण्याच्या बादलीत पडला आणि बंद झाला. सोमवारी त्यांनी नवा मोबाईल घेतला. नंबर जुनाच ठेवला. जुन्या गप्पांची प्रत कुठेही साठवलेली नव्हती, म्हणून व्हॉट्सॲप उघडले तेव्हा ते अगदी कोरे होते. ओळखीच्या लोकांची नावेही गेली होती.

संध्याकाळी सलमा मोबाईल पाहत होती. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला :

"मास्टर, माझा मागचा मेसेज मिळाला का?"

वर काहीच नव्हते. हाच पहिला मेसेज होता. सलमा लिहू लागली, "हो, मिळाला." तेवढ्यात अब्बा म्हणाले, "थांब बेटी. काय मिळाला ते तुला ठाऊक आहे का?"

सलमा म्हणाली, "नाही. मग लिहू का, तुम्ही मेसेज पाठवलाच नाही?"

"तेही आपल्याला ठाऊक नाही," अब्बा म्हणाले. "आपल्याला जेवढे दिसते तेवढेच लिही."

मग सलमाने लिहिले :

"नमस्कार. आमचा मोबाईल आजच बदलला आहे. त्यामुळे तुमचा मागचा मेसेज इथे दिसत नाही. कृपया आपले नाव सांगा आणि तो मेसेज पुन्हा पाठवा."

लगेच उत्तर आले. उदगीरचे एक गिऱ्हाईक होते. त्यांच्या मुलाची शेरवानी शुक्रवारी द्यायची ठरली होती. पण लग्न अलीकडे आले होते. "शेरवानी बुधवारीच हवी," असे त्यांनी शनिवारी कळवले होते. सलमाने "हो, मिळाला" असे लिहिले असते, तर ते निश्चिंत राहिले असते आणि बुधवारी शेरवानी तयार नसती. अब्बांनी त्याच रात्री कापड कापायला घेतले.

मुलांनो, आता एक प्रश्न उरतो. गिऱ्हाइकाने मेसेज खरोखर पाठवला होता, मग तो दिसला का नाही?

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की त्याखाली एक खूण येते. मेसेज समोरच्या मोबाईलपर्यंत पोहोचला की दोन खुणा होतात. गिऱ्हाइकाला शनिवारी दोन खुणा दिसल्या होत्या. म्हणजे मेसेज जुन्या मोबाईलमध्ये पोहोचला होता. एकदा पोहोचलेला मेसेज नव्या मोबाईलमध्ये आपोआप पुन्हा येत नाही. एकच खूण असती, तर गोष्ट वेगळी होती. न पोहोचलेला मेसेज कंपनीच्या यंत्रणेत 30 दिवसांपर्यंत थांबतो आणि मोबाईल सुरू झाला की येतो. गिऱ्हाइकाचे म्हणणे खरे होते आणि सलमाचेही खरे होते.

मात्र दोन खुणा म्हणजे मेसेज वाचला असे नाही. तो मोबाईलपर्यंत पोहोचला, एवढेच त्यावरून कळते. शिवाय मेसेज चुकून दुसऱ्याच नंबरवर गेला, तरी पाठवणाऱ्याला दोन खुणा दिसतात. अशा वेळी त्याने आपण कोणत्या नंबरवर पाठवला ते पाहावे.

तीन वाक्ये नीट पाहा :

1. तुम्ही मेसेज पाठवला नाही.
2. मला मेसेज मिळाला नाही.
3. मला मेसेज दिसत नाही.

पहिले वाक्य समोरच्यावर आरोप करते. दुसरे वाक्य सलमाच्या बाबतीत खोटे ठरले असते, कारण मेसेज जुन्या मोबाईलवर मिळाला होता. तिसरेच वाक्य तिला खात्रीने म्हणता येत होते.

एक सावधगिरीही हवी. कधी कधी ठग असाच प्रश्न विचारून बोलणे सुरू करतात. आपण "हो" म्हटले की ते ओळखीचे असल्याचे भासवतात. मग "तुमच्याकडे 6 अंकी नंबर आला असेल, तो सांगा," असे म्हणतात. तो नंबर कोणालाही सांगू नये. खरे गिऱ्हाईक आपले नाव व काम सांगते. ठग अनेकदा नाव टाळतो आणि घाई करतो. पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या नंबरवर तक्रार करावी.

शब्दार्थ
कोरे – काहीही न लिहिलेले
गिऱ्हाईक – ग्राहक, खरीददार
निश्चिंत – काळजी नसलेला, बेफिकीर
अलीकडे येणे – ठरलेल्या दिवसाच्या आधी येणे
आरोप – इल्जाम

स्वाध्याय
1. सलमाने "हो, मिळाला" असे लिहिले असते तर काय झाले असते?
2. एक खूण आणि दोन खुणा यांत काय फरक आहे?
3. "पाठवला नाही" आणि "दिसत नाही" ही वाक्ये तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
4. तुमच्या नव्या मोबाईलवर "माझे मागचे पत्र मिळाले का?" असा पहिलाच मेसेज आला आहे. त्याला तीन वाक्यांत उत्तर लिहा.