हॉल नको, घरीच बोलवा

काचीगुडा, हैदराबाद

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

चिमणी दहावी पास झाली, फार आनंद झाला. हॉल घ्यावा का, असं तू विचारलंस. नको. हिमायतनगरच्या तुमच्या घरात तीसजण सहज मावतात. फक्त सगळ्यांना एकाच वेळी न बोलावता संध्याकाळी सहा ते आठ असं कळव, म्हणजे माणसं येत-जात राहतील.

तू पाठवलेल्या निमंत्रणात तिचा फोटो आहे आणि विषयवार गुणही आहेत. ते दोन्ही काढ. तुमच्याच इमारतीतला एक मुलगा पुरवणी परीक्षेला बसतोय ना? त्याच्या आईच्या फोनवरही हेच निमंत्रण जाणार. गुण वाचले की ती माउली यायची नाही, आणि तिनं यावं असं तर आपल्याला मनापासून वाटतं. एवढंच लिही:

‘आमची मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आमच्या घरी अल्पोपाहारासाठी अवश्य यावे. कृपया आहेर आणू नये.’

‘अल्पोपाहार’ स्पष्ट लिही, नाहीतर काहीजण जेवणाच्या बेतानं येतील. तेलुगू शेजाऱ्यांसाठी हाच मजकूर चिमणीनं तेलुगूत लिहावा. थोरामोठ्यांना मात्र फोन कर. नुसत्या मेसेजवर ती येत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, तेव्हा नारायणगुडा मेट्रोनं या, असंही सुचव.

तीसजणांना वाटीभर शिऱ्यासाठी 1 किलो रवा पुरे. दडप्या पोह्यांना पातळ पोहे दीड किलो घे आणि मठ्ठ्यासाठी 2 किलो दही. खोबरं, कांदा, लिंबू तयार ठेवा, पण पोहे दोन हप्त्यांत, वाढायच्या जरा आधी कालवा. सकाळीच कालवून ठेवले तर त्यांचा लगदा होतो आणि उन्हाळ्यात ओलं खोबरं आंबतं. वास घेतलास की लगेच कळेल.

सातच्या सुमारास तुम्ही दोघांनी उभं राहून आभार मानावेत. भाषण नको. ‘सर्वांचे आभार’ म्हटलं की ते कुणालाच पोहोचत नाहीत, म्हणून ज्यानं जे केलं ते सांगा. भूमितीची प्रमेयं पुन्हा पुन्हा समजावणाऱ्या बाई, परीक्षेच्या दिवसांत टीव्हीचा आवाज कमी ठेवणाऱ्या समोरच्या आंटी, सकाळी वेळेवर केंद्रावर पोहोचवणारा रिक्षावाला. त्यालाही बोलाव, आणि आला की आत बसव. नावं चिठ्ठीवर लिहून ठेव, ऐन वेळी एखादं हटकून राहतं. तुमचं बोलून झालं की चिमणीनं बाईंना आणि आजीला वाकून नमस्कार करावा. ज्यांना येता आलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः फोन करावा.

हॉलचे वाचलेले पैसे अकरावीच्या पुस्तकांना लागतील. मी दुपारी चारलाच येते, रवा भाजायचं काम माझ्याकडे ठेव.

तुझी,
आत्या