दाब आणि पीळ एकाच नळीवर

प्रश्न : दोन्ही टोके बंद असलेल्या पोलादी नळीत दाब आहे, शिवाय तिला पीळही बसतो. बाहेरच्या पृष्ठभागावरचे प्रधान ताण कसे काढावेत?

उत्तर : नळीचा सरासरी व्यास २०० मिमी, जाडी ५ मिमी आणि दाब ४ मेगापास्कल धरू. परिघीय ताण म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले दुप्पट जाडी, अर्थात ८० मेगापास्कल. अक्षीय ताण त्याच्या निम्मा, ४०. टोकाला प्रसरण-सांधा असेल, तर मात्र हे ४० गृहीत धरता येत नाहीत.

सुमारे १५.१ किलोन्यूटन-मीटर पिळामुळे ४८ मेगापास्कल कर्तन ताण येतो. ८० आणि ४० यांची सरासरी ६०, निम्मा फरक २०. २० आणि ४८ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ५२. म्हणून प्रधान ताण ११२ आणि ८. मोठा ताण परिघाच्या दिशेपासून सुमारे ३४ अंशांनी कललेला असतो. ठिसूळ नळी फुटलीच, तर चीर अक्षाशी तेवढाच कोन करून तिरकी जाते.

विद्यार्थी बहुधा इथेच थांबतात आणि कमाल कर्तन ताण ५२ लिहितात. ते चूक आहे. बाहेरच्या पृष्ठभागावर लंब दिशेने काहीच दाबत नाही, म्हणून तिसरा प्रधान ताण शून्य. ११२ आणि शून्य यांतला निम्मा फरक ५६, आणि संकल्पनात तोच धरायचा. पीळ इतका वाढला की ८ च्या जागी ऋण आकडा आला, तरच वरच्यासारखे वर्गमूळ काढून येणारा आकडा हे खरे उत्तर ठरते.