टाचेच्या भेगांचं क्रीम: मागची यादी वाचा, मग पैसे मोजा

भातलावणीत पाय दिवसदिवस चिखलात असतात, तेव्हा माले गावच्या शिवारात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की टाचांना भेगा पडतात. चिखल्यांना बहुधा बुरशीचं औषध लागतं आणि ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. भेगांसाठी मात्र बहुतेक घरांत पौड किंवा पिरंगुटच्या दुकानातून एखादी ट्यूब येते. तिच्या पुढच्या बाजूला कडुनिंबाचं पान, हळकुंड आणि कोरफड असते. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या रोमन अक्षरांत एक यादी असते, आणि आपण पैसे कशाचे देतो ते त्या यादीतच लिहिलेलं असतं. ती वाचून ट्यूबची खरी किंमत कशी काढायची, ते इथे पाहू.

यादीचा क्रम काय सांगतो

यादीतली नावं अवघड वाटतात, कारण ती जगभर एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहिली जातात. अमेरिकेतल्या प्रसाधन उद्योगाच्या संघटनेने १९७३ साली या नावांचा पहिला कोश काढला, आणि आज ही पद्धत ‘आयएनसीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तीत वनस्पतींना त्यांचं लॅटिन नाव मिळतं. म्हणून कडुनिंब तिथे ‘अझाडिरॅक्टा इंडिका’ होतो, हळद ‘कुरकुमा लोंगा’ आणि कोरफड ‘अॅलो बार्बाडेन्सिस’. पाणी बहुतेक वेळा ‘अॅक्वा’ म्हणून येतं.

नावापेक्षा महत्त्वाची असते ती त्याची जागा. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर येतात आणि ते कसेही मागेपुढे लिहिले तरी चालतं. म्हणजे यादीत एक टक्क्याची न छापलेली रेघ असते. ती शोधायला ‘फिनॉक्सीइथेनॉल’ हे नाव उपयोगी पडतं. क्रीम खराब होऊ नये म्हणून घातला जाणारा हा घटक युरोपातल्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त वापरता येत नाही. तेव्हा त्याच्यामागे आलेली नावं बहुधा एक टक्क्याच्या आतली समजावीत.

याच नियमांत एक सूट आहे. ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा लहान पातळ पदार्थाच्या पॅकवर यादी छापण्याची सक्ती नाही. दहा-वीस रुपयांच्या पुडीत काय आहे ते पुडीवर नसेल, तर त्याच क्रीमचा मोठा पॅक दुकानदाराकडून हातात घ्या आणि त्यावरची यादी वाचा.

नाव तसंच, काम मराठीत

घरातल्या आजीला किंवा शेजारणीला यादी समजावताना नावांना मराठी प्रतिशब्द घडवू नका. घडवलेल्या नावाने दुकानात काही मागता येत नाही आणि डॉक्टरांनाही त्यावरून काही कळत नाही. नाव उच्चाराप्रमाणे सांगा. ते काय करतं आणि कुठे जपायचं, एवढं मराठीत सांगा. भेगांच्या क्रीममध्ये पाच नावं पुन्हापुन्हा भेटतात.

*ग्लिसरीन:* त्वचेत पाणी धरून ठेवतं. स्वस्त आहे आणि बहुतेकांना सोसतं.

*पेट्रोलॅटम:* म्हणजे पेट्रोलियम जेली. नाव तसं असलं तरी ते गाडीत घालायचं पेट्रोल नव्हे. ते त्वचेवर थर धरतं आणि आतलं पाणी उडू देत नाही. स्वतः पाणी देत नाही, म्हणून कोरड्याठाक टाचेवर लावण्यापेक्षा धुतलेल्या, किंचित ओलसर टाचेवर लावावं. ‘पॅराफिनम लिक्विडम’ हे त्याचंच पातळ भावंड.

*सेटिअॅरिल अल्कोहोल:* इथे अल्कोहोल वाचून दारू किंवा स्पिरिट समजू नका. हा मेणासारखा घट्ट पदार्थ आहे. तो क्रीमला दाटपणा देतो आणि त्वचा मऊ ठेवतो. त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल यादीत ‘अल्कोहोल डिनॅट’ म्हणून येतं. भेगांच्या क्रीममध्ये ते वरच्या चार-पाच नावांत दिसलं, तर ट्यूब परत ठेवा.

*युरिया:* भेगांसाठी कामाचा घटक. दहा टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः पाणी धरून ठेवतो. वीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर जाड, कडक कातडी सैल करतो. रक्त येणाऱ्या उघड्या भेगेला तो झोंबतो. रसायन तेच असलं तरी शेतातला पोत्यातला युरिया पाण्यात कालवून पायाला लावू नका. तो पिकासाठी बनवलेला असतो, २०१५ पासून त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि घरी त्याचं प्रमाणही सांभाळता येत नाही.

*सॅलिसिलिक अॅसिड:* नावात अॅसिड असलं तरी हे संडास धुवायचं अॅसिड नव्हे. ते मेलेल्या कातडीचे थर सुटे करतं. मधुमेह असेल, पायाची जाणीव कमी झाली असेल, गरोदरपण असेल किंवा अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

यादीच्या शेवटाकडे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असतं. या एका शब्दाआड अनेक सुगंधी रसायनं असू शकतात. पूर्वी एखाद्या क्रीमने पुरळ किंवा खाज आली असेल, तर सुगंध नसलेलं क्रीम शोधा. ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ या लांब नावाबाबतही तसंच. अॅलर्जीच्या तक्रारींमुळे युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्याला बंदी आहे.

तीन पर्यायांचा हिशोब

समजा, दुकानात तीन पर्याय समोर आहेत. पुढच्या किमती हिशोबासाठी धरलेल्या आहेत. तुमच्या हातातल्या डब्यावरची किंमत त्यांच्या जागी घाला.

पहिली ट्यूब ‘हर्बल’ आहे, ३० ग्रॅमला ९० रुपये. तिची यादी अशी: अॅक्वा, पॅराफिनम लिक्विडम, सेटिअॅरिल अल्कोहोल, ग्लिसरीन, स्टिअरिक अॅसिड, फिनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, अझाडिरॅक्टा इंडिका, कुरकुमा लोंगा. दुसरी ट्यूब ५० ग्रॅमची, १८० रुपयांना. तिच्या यादीत अॅक्वाच्या पाठोपाठ युरिया आहे आणि पुढे दहा टक्के असं छापलेलं आहे. नंतर ग्लिसरीन आणि पेट्रोलॅटम येतात. तिसरा साध्या पेट्रोलियम जेलीचा १०० ग्रॅमचा डबा, ११० रुपयांना, आणि त्याच्या यादीत जवळजवळ एकच नाव.

आधी ग्रॅमचा भाव काढा. हल्ली बहुतेक पॅकवर एमआरपीजवळ ‘यूएसपी’ असं लिहून तो छापलेलाच असतो. इथे पहिली ट्यूब ग्रॅमला ३ रुपये, दुसरी ३ रुपये ६० पैसे आणि जेली १ रुपया १० पैसे पडते. आता महिन्याला किती लागेल ते पाहा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी क्रीमची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. प्रत्येक टाचेला रोज रात्री तेवढी लावली, तर दोन्ही टाचांना एक ग्रॅम, म्हणजे महिन्याला तीस ग्रॅम. पहिल्या ट्यूबचा खर्च ९० रुपये, दुसरीचा १०८ रुपये आणि जेलीचा ३३ रुपये.

आता यादी आणि खर्च शेजारी ठेवा. पहिल्या ट्यूबमध्ये कडुनिंब आणि हळद फिनॉक्सीइथेनॉलच्या मागे आहेत, म्हणजे बहुधा एक टक्क्याच्या आत. तीस ग्रॅमच्या ट्यूबमध्ये एक टक्का म्हणजे ०.३ ग्रॅम, तेही प्रत्येकाचं जास्तीत जास्त. टाच मऊ करण्याचं काम त्यातलं पातळ पॅराफिन आणि ग्लिसरीनच करणार. ते काम वाईट नाही, पण त्यासाठी जेलीच्या जवळजवळ तिप्पट भाव मोजावा लागतो. दुसऱ्या ट्यूबचे जादा पैसे युरियाचे आहेत. टाचेची कातडी जाड आणि कडक झाली असेल तरच ते वसूल होतात. नुसता कोरडेपणा आणि बारीक भेगा असतील, तर जेली पुरते. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा, टिपून घ्या, लगेच जेली लावा आणि रात्री सुती मोजे घाला.

या रीतीला एक मर्यादा आहे. काही घटक एक टक्क्याच्या आतही काम करतात. चेहऱ्याच्या क्रीममधलं रेटिनॉल हे त्याचं उदाहरण. म्हणून रेघेमागचं सगळंच निरुपयोगी असं समजू नका. भेगांच्या क्रीममधल्या पाल्याच्या अर्कावर मात्र ग्रॅममागे दोन रुपये जादा घालवू नका.

नवं क्रीम थेट टाचेवर नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर थोडंसं लावून पाहा. लाली, खाज किंवा फोड आले तर थांबवा आणि यादीचा फोटो डॉक्टरांना दाखवा.

यादीच नसेल तर

यादी वाचायची सवय टाचेच्या क्रीमपुरती ठेवू नका. गोरं करणाऱ्या क्रीमच्या बाबतीत यादी नसणं हाच मोठा धोका. अकोल्यात ब्युटीशियनकडून घेतलेलं क्रीम वापरणाऱ्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला, आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२० च्या नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडून बाकीच्यांत नकळत आलेला पाराही दहा लाखात एक भाग, याहून जास्त चालत नाही. पॅकवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, मोठ्या पॅकवरही यादी नाही, किंवा ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना आहे, तर ते क्रीम फुकट मिळालं तरी घेऊ नका. यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरस क्लोराइड’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसलं, तर तो पाराच.

‘बीटामेथासोन’, ‘क्लोबेटासोल’, ‘मोमेटासोन’ ही नावं स्टेरॉइडची. ती औषधं आहेत, प्रसाधनं नव्हेत. गोरेपणासाठी किंवा पावसाळ्यातल्या नायट्यासाठी ती स्वतःच्या मनाने लावली तर त्वचा पातळ होते, आणि नायटा काही दिवस दबून पुन्हा जास्त पसरतो.

रक्त येणारी खोल भेग, पू किंवा सूज दिसली, किंवा मधुमेही माणसाच्या पायाला छोटीशी जरी भेग पडली, तर ट्यूबवर पैसे घालवू नका. थेट सरकारी दवाखान्यात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. संशयास्पद क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते, आणि एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. तक्रारीसाठी डबा आणि पावती जपून ठेवा.